जुळला म्हणजे तोच का?

“डीएनए जुळलाय. निर्दोष माणसाचा जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक. म्हणजे हा निर्दोष असण्याची शक्यताही दहा हजारांत एकच. आता खटला कशाला?”

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. रामबागेतल्या एका काकांनी मलाही पाठवला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली दोन वाक्यं खरी धरू. डागातून अर्धवट डीएनए मिळाला, तर असा आकडा निघू शकतो. गडबड आहे ती “म्हणजे” या शब्दापाशी. आपल्याकडे मराठी घरातला माणूस पोहे खातो, हे जवळजवळ खात्रीनं सांगता येतं. पण सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभा असलेला माणूस मराठीच असेल, असं इंदुरात कोण म्हणेल? वाक्य उलटं केलं की शक्यता बदलते.

आता हिशोब करू. इंदुरात वीस लाख माणसं धरा आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच आहे असं माना. दहा हजारांत एक, म्हणजे गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेल्या सुमारे दोनशे जणांचा डीएनए त्या डागाशी जुळेल. गुन्हेगार धरून दोनशे एक. पोलिसांनी साठवलेल्या नोंदी चाळून यातलाच एक उचलला आणि दुसरा कुठलाच पुरावा नसेल, तर तो गुन्हेगार असण्याची शक्यता दोनशे एकांत एक.

खटला याचसाठी लागतो. समजा साक्षी-पुराव्यांतून सिद्ध झालं की त्या रात्री आवारात पाचशेच माणसं होती आणि गुन्हेगार त्यांच्यातलाच आहे. मग योगायोगानं जुळणारे निर्दोष सरासरी एक विसांश, म्हणजे एकही नसण्याचीच शक्यता जास्त. आता आरोपी निर्दोष असण्याची शक्यता एकवीसांत एक. डाग तोच, आकडा तोच, तरी निष्कर्ष पार बदलला. आणि हेही दहा हजारांत एक नव्हेच.

ही चूक माणसाला तुरुंगात घालू शकते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्कची दोन तान्ही बाळं दगावली आणि त्यांच्या खुनाचा खटला तिच्यावरच चालला. तिच्यासारख्या सुखवस्तू घरात दोन्ही मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता 7.3 कोटींत एक, असं तज्ज्ञ डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं. एका बाळाच्या अशा मृत्यूची शक्यता 8,543 मध्ये एक धरून त्यांनी 8,543 ला त्याच आकड्यानं गुणलं होतं, जणू सख्ख्या भावंडांच्या मृत्यूंचा एकमेकांशी संबंधच नसतो. पण आकडा बरोबर असता तरी, आईनं दोन्ही बाळं मारणं किती दुर्मिळ, याच्याशी त्याची तुलना करायला हवी होती. ती कोणी केलीच नाही. 1999 मध्ये तिला जन्मठेप झाली. 2003 मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही मुख्यतः बचावपक्षाला न दिलेल्या जंतुतपासणीच्या अहवालामुळे. 2007 मध्ये ती गेली.

काका, तज्ज्ञाची साक्ष वाचताना “जर” कुठे आहे ते बघा. “डाग आरोपीचा नसेल, तर तो जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक” एवढंच त्याला म्हणता येतं. “जुळला, तर डाग दुसऱ्याचा असण्याची शक्यता दहा हजारांत एक” असं तो म्हणाला, तर वकिलानं तिथेच उठून हरकत घ्यायला हवी.