खुलासा : गुणाकार करण्याआधी मिश्रणाचं आकारमान बघा

‘बाटलीवरच्या संहती घ्या, थेट गुणाकार करा. तो Ksp पेक्षा मोठा आला की अवक्षेप येणारच.’

दोन द्रावणं मिसळल्यावर अवक्षेप येईल का, हे ओळखण्यासाठी जळगाव-धुळ्याच्या बारावीच्या ग्रुपांत फिरणाऱ्या या मेसेजमध्ये तुलना बरोबर आहे, पण त्याआधीची पायरी गळाली आहे. दोन द्रावणं एकत्र होताच दोन्ही पातळ होतात.

०.०२ M लेड नायट्रेट आणि ०.०६ M मीठ यांचं प्रत्येकी ५० मिली द्रावण घ्या. मेसेजप्रमाणे ०.०२ × (०.०६)² म्हणजे ७.२ × १०⁻⁵ येतं. PbCl₂ चा Ksp २५ अंशांना सुमारे १.७ × १०⁻⁵ आहे, म्हणून ‘अवक्षेप येईल’ असं उत्तर निघतं. प्रत्यक्षात आकारमान १०० मिली झालं, संहती ०.०१ आणि ०.०३ वर आल्या. गुणाकार ९ × १०⁻⁶, म्हणजे Ksp पेक्षा कमी. द्रावण नितळच राहतं. क्लोराइडचा वर्ग असल्यामुळे संहती निम्म्या होताच गुणाकार आठपट घटला. खरी गोम इथेच आहे.

ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटची खतं एकत्र केल्यावर गाळ बसतो, कारण तिथलं द्रावण दाट असतं. पातळ द्रावणाला तो अनुभव लावू नका.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हे उदाहरण टाका.