तुमच्या मित्राला सांगा

कालपासून मला एका माणसाचा राग आलेला आहे आणि त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे तो माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. उजवा गाल टम्म सुजलेला, गालावर रुमाल, आणि दोन्ही डोळे माझ्या मांडीवरच्या कागदांत.

कागद म्हणजे माझी कथा. अकरा पानांचा पहिला खर्डा. लिहून झाल्यावर महिनाभर कपाटात टाकला होता, कारण ताज्या खर्ड्यात माणसाला आपण लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं. आता परक्या माणसाची कथा समजून, हातात लाल पेन घेऊन ती तपासायची, असा बेत होता. परका माणूस इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं.

कथा थोडक्यात अशी. माधव आणि सुधाकर हे सख्खे भाऊ. अण्णा गेल्यावर घरावरून भांडले आणि नऊ वर्षं बोलले नाहीत. एके दिवशी सुधाकर जुन्या घराची आपल्याकडची चावी परत करायला येतो. एवढंच.

शेजारी माझ्यापेक्षा भरभर वाचत होता. पान संपलं की तर्जनी हवेत उलटवायचा. एकदा, दोनदा. मी उलटलं नाही की घशातून "हं" काढायचा. पहिल्या पानावर माधव उठतो, पाऊस बघतो, आरशात बघतो. दुसऱ्या पानावर घराचं जुनं कुलूप अडकतं, तो त्याच्याशी झटतो, आणि "बदला की हो ते एकदाचं" म्हणून बायको करवादते. तिसऱ्या पानावर पुन्हा पाऊस. इथे शेजाऱ्यानं मान वर केली आणि समोरच्या भिंतीवरची हिरड्यांची निगा राखण्याची सूचना वाचायला घेतली. शेवटपर्यंत वाचली. माझ्या पावसापेक्षा त्याला हिरड्या धरून ठेवत होत्या.

चौथ्या पानावर सुधाकरनं दार वाजवलं, तेव्हा तो परतला.

अपमान गिळून मी समासात काळ मांडला. कुठल्या पानात गोष्टीतला किती वेळ जातो, एवढंच लिहायचं. पहिल्या तीन पानांत गेली होती वीस मिनिटं. आठव्या पानावर होतं, "मग दोघांत जोराची वादावादी झाली." ज्या भांडणासाठी माणूस नऊ वर्षांनी दारात आला, ते मी एका वाक्यात उरकलं होतं आणि पावसाला दीड पान दिलं होतं. आपण म्हणतो, कथा संथ आहे. संथ असण्याला माझी हरकत नाही. पण भांडण लिहायची भीती वाटते म्हणून लेखक पाऊस पाडतो, त्याचं काय करायचं?

आता कथा वाचून दाखवल्यावर मित्र काय म्हणतात तेही सांगतो. "छान आहे, थोडी लांबलीय." कुठे लांबली? "अशी ओव्हरऑल." या ओव्हरऑलचा उपयोग शून्य. खरं तर त्यांना मत विचारूच नये. हातात पेन्सिल द्यावी आणि जिथे मोबाइल बघावासा वाटला तिथे खूण करायला सांगावं. पण तेवढंही कोणी करत नाही. त्यांच्या कविता मात्र मी शब्दागणिक तपासून द्यायच्या. असो.

पाचव्या पानावर संवाद सुरू झाले. संवाद तपासायचे तर तोंडानं म्हणून बघावे लागतात, म्हणून मी पुटपुटलो, "माधव, तुला आठवतच असेल की नऊ वर्षांपूर्वी आपल्या वडिलांचं निधन झालं आणि त्यानंतर या घराच्या मालकी हक्कावरून आपल्यात मतभेद निर्माण झाले."

शेजाऱ्यानं रुमाल किंचित हलवला. दात न उघडता, ठसठसणाऱ्या गालातून बोलला, "कोणाला सांगतोय?"

"भावाला."

"त्याला माहीत नाही?"

"आहे."

"मग?"

हा "मग" मी आजवर ऐकलेल्या सगळ्या समीक्षेत सर्वांत तोकडा आणि सर्वांत उद्धट. मी सांगितलं, ते वाचकाला कळायला नको का? त्यानं रुमालाचा हात स्वतःच्या छातीला लावला. "मी वाचक. चावी काढली तेव्हाच कळलं."

मी गप्प. त्यानं विचारलं, "कोणी लिहिलंय?"

"एका मित्रानं," मी म्हणालो.

"मित्राला सांगा, भाऊ भावाला निधन म्हणत नाही."

बरोबर होतं, हेच तर चिडायचं कारण. अख्ख्या कथेत दोघं अण्णांना वडील म्हणत होते आणि दर वाक्याला एकमेकांची नावं घेत होते, जणू खोलीत पंधरा माणसं बसली आहेत. शिवाय विचारलं की लगेच सरळ उत्तर. रागावलेला माणूस विचारलेल्याचं उत्तर देतच नाही, दुसरंच काहीतरी बोलतो. ते वाक्य खोडून मी समासात लिहिलं: "चावी द्यायला आलो." "बस." "बसायला नाही आलो." तीन तुकड्यांत नऊ वर्षं आली आणि मालकी हक्क गेला. शेजाऱ्यानं वाचून बोट उलटवलं. ही त्याची शाबासकी असावी, असं मी धरून चाललो.

नवव्या पानावर त्यानं "बायको कुठे गेली?" असा प्रश्न टाकला आणि तिनेच दोघांचं भांडण मिटवावं, अशी सूचनाही केली. ही मी ऐकली नाही. वाचक अडखळला ती जागा खरी असते. बायको दुसऱ्या पानावर करवादून नाहीशी झाली होती, हे कबूल. पण त्यानं दिलेलं औषध घ्यायलाच हवं असं नाही, विशेषतः तो स्वतःच रुमाल धरून बसलेला असताना.

मग शेवट आला. सुधाकर निघून जातो. चावी हातात घेऊन माधव पावसाकडे बघतो (हो, पुन्हा) आणि त्याला उमगतं, की "घरं चावीनं उघडतात, पण नाती मनानं उघडावी लागतात."

शेजाऱ्यानं बोट उलटवलं.

"संपली," मी म्हणालो.

त्यानं स्वतःच वाकून पानामागे पाहिलं. कोरं होतं. एवढ्यात त्याला आत बोलावलं.

हे वाक्य सुचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता दिसलं, की सुधाकर आलाच नसता तरी ते तिथे तसंच चिकटवता आलं असतं. शेवटी काही घडत नव्हतं, फक्त मी बोलत होतो.

वीस मिनिटांनी तो बाहेर आला. तोंडात कापसाचा बोळा घट्ट चावलेला, बोलायची सोय नाही. सरळ माझ्याकडे आला, हातातलं पेन काढून घेतलं, माझ्या त्या वाक्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: "कुलूप?"

मला आधी कळेना. मग दुसरं पान आठवलं. भावाला दारात उभं करणार नाही म्हणणाऱ्या माधवनं नऊ वर्षं अडकणारं कुलूप बदललं नव्हतं. सुधाकरची चावी अजून लागत होती. निघताना सुधाकर दाराकडे बघून म्हणेल, "अजून तेच कुलूप?" आणि माधव म्हणेल, "चांगलं आहे अजून." वाचकानं त्याला त्या कुलुपाशी झटताना पाहिलेलं असणार. म्हणजे दुसरं पान ठेवायचं होतं, पाऊस काढायचा होता. मी काल रात्री नेमकं उलटं करणार होतो.

"मित्राला सांगतो," मी म्हणालो.

त्याच वेळी टेबलापाशी बसलेल्या बाईंनी माझं नाव पुकारलं, आडनावासकट. मी उठलो. शेजाऱ्यानं माझ्या हातातला गठ्ठा परतवून पहिलं पान वर काढलं. तिथे कथेच्या नावाखाली ठळक अक्षरांत तेच नाव छापलेलं होतं. त्यानं त्यावर बोट ठेवलं, कापूस सांभाळत जमेल तेवढं हसला आणि माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.