पाच ओळींचा मेसेज आणि दीड पानाचं पत्र

«ताई, मुलीचा मूळ मेसेज पाच ओळींचा होता आणि खरा होता. त्याचं दीड पानी पत्र झालं आणि मुलगीच त्यातून हरवली. ‘अंतराने मनं दूर जात नाहीत’ असं नववीतली मुलगी म्हणते का? आणि माफी एवढी उलगडून सांगायची काय गरज होती? दोघींना माहीत होतंच की.»

गाव सोडून जाणाऱ्या मैत्रिणीला माझ्या लेकीने लिहिलेलं पत्र मी इथे दिलं होतं, त्यावरची तुमची ही प्रतिक्रिया दोनदा वाचली. एका बाबतीत तुमचं अगदी बरोबर आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी माफीचं घेते, कारण या पत्रात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

मेसेज असा होता: ‘उद्या जातेस ना. खूप मिस करेन यार. विसरू नकोस, पोचलीस की कॉल कर, नवीन शाळेचे फोटो पाठव. आपण बेस्ट फ्रेंड्स होतो आणि राहणार. सॉरी त्या दिवसासाठी.’

हा मेसेज खोटा आहे असं मी कधीच म्हटलं नाही. पण लेकीने तो पाठवायच्या आधी मला दाखवला, तेव्हा मी विचारलं, ‘कुठला दिवस?’ तिने सांगितलं आणि मग स्वतःच थबकली. मैत्रिणीच्या मनात भलताच दिवस असला तर? गेल्या वर्षी खो-खोच्या संघनिवडीवरून दोघींचं बिनसलं होतं, तोही एक ‘तो दिवस’ होताच. रोज एका बाकावर बसणाऱ्या मुलींना ‘त्या दिवसासाठी’ एवढं पुरतं, कारण चुकीचं समजलं तरी उद्या मधल्या सुट्टीत ते निस्तरता येतं. इथे उद्याची मधली सुट्टीच नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला निघणार होती.

म्हणून लेकीने तो दिवस कागदावर लिहून काढला. पत्रात तो असा आलाय: ‘तू बाबांच्या बदलीचं सांगितलंस तेव्हा मी “बरंय की” म्हटलं आणि डबा पुसायला लागले. डबा स्वच्छच होता. मग चार दिवस मी मागच्या बाकावर बसले. तू दोनदा वळून बघितलंस, ते मला दिसलं होतं.’ यातला एकही शब्द माझा नाही. डब्याचं मला तोवर माहीतही नव्हतं. आणि ‘दोघींना माहीत होतंच’ म्हणाल, तर लेक डबा पुसत होती तेव्हा तिच्या मनात काय चाललंय हे मैत्रिणीला कळणार कसं? तिला फक्त पाठ दिसली होती.

याच ठिकाणी पत्र बिघडणार होतं, तेही सांगते. एका खर्ड्यात यापुढे ‘पण तूही मला आठवडाभर सांगितलं नव्हतंस’ असं वाक्य होतं. तक्रार म्हणून ते खरंच होतं. मी काही बोलले नाही, फक्त तेवढा भाग मोठ्याने वाचून दाखवला. ‘पण’पाशी आल्यावर तिचं तिलाच कळलं की माफी तिथेच संपली आणि भांडण परत सुरू झालं. तिने ते खोडलं.

आता लांबीचं. मेसेज लांबवायचा म्हणून पत्र लांबलं नाही. खर्डा लिहायला बसल्यावर तिने आधी शाळेत शिकवतात तसंच केलं: पत्ता, तारीख, मायना, आणि खाली ‘मैत्री म्हणजे आयुष्यातील अनमोल ठेवा’. ती चिठ्ठी मी ठेवून दिली आहे. तीत दहा-बारा ओळी आहेत आणि एकही ओळ त्या एका मुलीबद्दल नाही. वर नाव बदललं तर वर्गातल्या कुणालाही देता आली असती. आम्ही कसोटी धरली ती एवढीच: हे वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का? येत असेल तर त्याच्या जागी काय घडलं ते लिहायचं. ‘खूप मिस करेन’ या कसोटीवर टिकलं नाही. त्याऐवजी आलं ते असं: ‘रंकाळ्यावरून येताना माझ्या सायकलची चेन पडली की तू पुढे जाऊन थांबायचीस आणि काही न बोलता रुमाल द्यायचीस. आता मी दप्तरात फडकं ठेवलंय.’ ‘यार’ मात्र राहिलं. दोन ठिकाणी आहे, कारण ती तशीच बोलते.

दुसरी गोष्ट मला मेसेज चार-पाच वेळा वाचल्यावर दिसली. त्यातली क्रियापदं बघा. विसरू नकोस, कॉल कर, फोटो पाठव. सगळी आज्ञार्थी, आणि सगळी कामं जाणाऱ्या मुलीला सांगितलेली. तिला नवं घर लावायचंय, नव्या शाळेत नवे चेहरे ओळखायचेत, आणि जुनी मैत्री टिकवायचं कामही तिच्याच गळ्यात. मी हे लेकीला दाखवल्यावर ती जरा वेळ गप्प बसली. मग तिने ती वाक्यं ‘मी’ने सुरू केली. आधी लिहिलं, ‘मी दर रविवारी फोन करीन.’ तेही बदललं, कारण रविवारी तिकडे फोन उचलणारं कुणी मोकळं असेल याची खात्री नव्हती, आणि दोन रविवार चुकले की दोघींनाही अपराधी वाटलं असतं. शेवटी राहिलं ते तिला एकटीला पाळता येईल असं: ‘तुझ्या वाढदिवसाला माझं पत्र येईल. उत्तर नाही आलं तरी पुढच्या वर्षी येईल.’

आणखी एक शब्द तिने स्वतःच पकडला. ‘बेस्ट फ्रेंड्स होतो आणि राहणार.’ ती म्हणाली, ‘आई, यात आहोत कुठंय?’ पत्रात आता फक्त ‘आहोत’ आहे.

पत्र हातात कधी पडणार, याचाही विचार केला होता. मेसेज मिळाला असता तो सामान बांधायच्या गडबडीत, पन्नास निरोपांच्या रांगेत. पाकीट स्टेशनवर हातात दिलं. त्यावर लेकीने लिहिलं होतं, ‘मिरज गेल्यावर उघड.’ तोवर पोचवायला आलेली माणसं मागे राहिलेली असतात, सामान बाकाखाली सरकवून झालेलं असतं, आणि पुढे पुणे, मनमाड, भुसावळ करत दुसऱ्या दिवसापर्यंतचा प्रवास असतो. दीड पान त्या वेळासाठी होतं. घाईत वाचायचं असतं तर मीही पाच ओळीच ठेवा म्हटलं असतं.

आता तुमचं बरोबर असलेलं. ‘अंतराने मनं दूर जात नाहीत’ हे वाक्य माझं आहे. पत्राचा शेवट तुटक वाटला म्हणून मी सुचवलं आणि तिने मान ठेवून लिहिलं. आमची कसोटी त्याला मीच लावली नाही. लावली असती तर ते लगेच गळालं असतं, कारण ते कुणीही कुणालाही लिहू शकतं. नागपूरला गेलेल्या प्रतीत ते तसंच आहे, त्याला आता इलाज नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी खर्डा परत काढला. त्या जागी लेकीने आधी दुसरंच वाक्य लिहिलं होतं, माझ्या वाक्यामुळे ते गेलं. तिला विचारून मी इथे दिलेल्या पत्रात ते परत घातलं आहे, आणि वाढदिवसाच्या पत्रात ती तेच पहिलं लिहिणार आहे: ‘तुझ्या जागेवर मी दप्तर ठेवते. सरांनी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरवलं नाही.’