मसाला डोसा, हजार कॅलरी आणि मावशीची चटणी

«एक मसाला डोसा म्हणजे १००० कॅलरी! पीठ आंबवलं की कॅलरी दुप्पट होतात. खरं विष बटाट्याची भाजी, ती काढून टाका. सांबार-चटणी हलकी, हवी तेवढी घ्या.»

हा मेसेज मावशीने वाचला आणि रविवारी माझ्यासमोर डोशातली भाजी चमच्याने खरवडून ताटाच्या कडेला सारली, मग पोट भरेना म्हणून खोबऱ्याची चटणी तीनदा वाढून घेतली. हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आधी घरचा हिशोब. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीद डाळ भिजवली की साधारण वीस डोसे होतात, म्हणजे एका डोशात तांदूळ ३० ग्रॅम, डाळ १० ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत, त्यात आकडे किलोज्यूलमध्ये आहेत, ४.१८ ने भागायचं. त्यावरून तांदूळ-डाळीच्या १४० कॅलरी, तव्यावर चमचाभर तेल सोडलं की १८०. भाजीत ८० ग्रॅम बटाटा, कांदा, चमचाभर तेल, सगळे मिळून १०५. वाटीभर सांबारात १५ ग्रॅम तूरडाळ, भाज्या आणि फोडणी धरून ९०. दोन मोठे चमचे चटणी, म्हणजे २० ग्रॅम ओलं खोबरं, थोडं डाळं, फोडणी, ११०. एकूण ४८५.

आता ती चटणी, कारण खरा घोळ तिथेच आहे. १०० ग्रॅम बटाट्यात ७० कॅलरी, १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ४०९! खोबऱ्यात तेलच असतं हो, दिसत नाही एवढंच. मावशीने भाजी काढून १०५ वाचवल्या आणि तिप्पट चटणीने २२० वाढवल्या, म्हणजे ४८५ चं ताट ६०० वर गेलं. भाजीसकट डोसा आणि दोन चमचे चटणी खाल्ली असती तर कॅलरी कमी झाल्या असत्या. सांबाराचं मात्र चालेल, पाणी आणि भाज्याच जास्त, आणखी अर्धी वाटी घेतलीत तर फार फरक नाही.

आंबवून कॅलरी दुप्पट होतात हे तर कुठून काढलं कळत नाही. पीठ फुगतं ते आतल्या वायूने, बाहेरून त्यात काहीच पडत नाही, उलट जंतू थोडी साखर खाऊन टाकतात. फुगलेल्या पिठाच्या पळीत तांदूळ-डाळ कमीच येते.

हॉटेलबद्दल एवढं मान्य करतो, की तिथला डोसा घरच्या दीडपट, वरून लोण्याचा गोळा, भाजी दुप्पट आणि तेलकट, त्यामुळे साडेसातशे-आठशेपर्यंत जातं. पण तो फरक लोणी, तेल आणि आकाराचा आहे. डोसा उचलल्यावर खालचा कागद पारदर्शक झाला असेल तर तेल किती सुटलंय ते डोळ्यांनीच दिसतं, तेव्हा ऑर्डर देताना लोणी नको म्हणा आणि बटाटा खा.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलंय, पुढच्या रविवारी चटणी मीच वाढणार, दोन चमचे.