साक्षीदार फितूर होतो तो दोन तारखांच्या मधल्या काळात

आज सकाळी आमच्या एका ग्रुपवर निर्दोष सुटकेची एक बातमी आली आणि तिच्याखाली अपेक्षेप्रमाणे शेरा पडला, 'साक्षीदार विकले गेले, दुसरे काय?' त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हसणाऱ्यांपैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी समन्स हातात घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात दिवस काढला आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणूनच राग आला.

काही साक्षीदार पैसे घेतात, हे मान्य. पण बाकीच्यांचे काय होते?

सोलापुरातल्या यंत्रमागांच्या वस्तीत चहाची टपरी चालवणारे एक अण्णा होते. त्यांच्या टपरीसमोर भांडणात एका तरुणाला भोसकले गेले आणि तो मेला. मी त्या खटल्यात मूळ फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करत होतो. अण्णांनी त्याच रात्री पोलिसांना जबाब दिला होता, मारणाऱ्याचे नाव सांगितले होते, त्याच्या अंगातला शर्टसुद्धा सांगितला होता. हा जबाब पोलीस लिहून घेतात, त्यावर साक्षीदाराची सही घेता येत नाही आणि कोर्टात तो पुरावा म्हणून चालत नाही. साक्षीदार पुढे वेगळे बोलला तर विसंगती दाखवण्यापुरताच त्याचा उपयोग होतो. म्हणजे अण्णांनी त्या रात्री जे सांगितले, त्याला न्यायाधीशांपुढे पुन्हा तोंडाने सांगेपर्यंत फारसे वजन नव्हते, आणि ही गोष्ट आरोपीच्या माणसांना आपल्यापेक्षा चांगली माहीत असते.

खटला उभा राहीपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात अण्णांना कोणीही धमकी दिली नाही. आरोपीचा भाऊ रोज टपरीवर यायचा, चहा प्यायचा, पैसे चोख द्यायचा. कधीतरी विचारायचा, 'अण्णा, धाकटीची शाळा सुटते किती वाजता?' बस्स, एवढेच. सांगा, या वाक्यावर कोणता गुन्हा नोंदवणार? साक्षीदाराला खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे खरा, पण चहा पिणे हा नाही.

तरीही अण्णा आले, पिंजऱ्यात उभे राहिले आणि सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे देताना, सगळे जसे पाहिले तसे बोलले. तेव्हाच उलटतपास झाला असता तर खटल्याचे चित्र वेगळे असते. पण बचाव पक्षाच्या वकिलांनी मुदत मागितली, ती मिळाली, मग दुसरी, मग न्यायाधीश रजेवर. साक्षीदार हजर असताना विशेष कारणाशिवाय तहकुबी देऊ नये, असे कायद्यातच लिहिलेले आहे. पंजाबातल्या विनोद कुमार या लाचेच्या खटल्यात सरतपासानंतर सुमारे 20 महिन्यांनी उलटतपास झाला आणि साक्षीदार उलटला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर शब्दांत नापसंती नोंदवली आणि शक्यतो उलटतपास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावा, असे बजावले. हे सगळे असूनही व्हरांड्यात तारखा पडतच राहतात, आणि त्या व्हरांड्यात एकाच बाकावर एका टोकाला साक्षीदार आणि दुसऱ्या टोकाला आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात.

उलटतपासाच्या दिवशी अण्णा म्हणाले, अंधार होता, गर्दी होती, चेहरा दिसला नाही. सरकारी वकिलांनी त्यांना फितूर म्हणून प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली आणि पोलीस जबाबातला 'अ' खूण केलेला मजकूर वाचून दाखवला. उत्तर ठरलेलेच आले, 'असा मजकूर मी सांगितला नाही, पोलिसांनी तो का लिहिला हे मला सांगता येणार नाही.' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की ते आता मला वाक्य वाटतच नाही. फितूर झाला म्हणून साक्ष सगळीच पुसली जात नाही, विश्वसनीय भाग न्यायालय घेऊ शकते, आणि अण्णांचा सरतपास नोंदीवर होता. पण सोबत दुसरा भक्कम पुरावा नसला की संशयाचा फायदा आरोपीला जातो. तसाच तो गेला.

आता कोणी म्हणेल, संरक्षण योजना आहे ना. आहे. सर्वोच्च न्यायालयाने 5 डिसेंबर 2018 रोजी महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि संसद किंवा विधिमंडळ कायदा करीपर्यंत ती देशभर बंधनकारक केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर प्रत्येक राज्याला अशी योजना करणे सक्तीचे केले आहे. 2018 च्या योजनेत साक्षीदाराने जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा असतो. शहरात सहायक पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात उपअधीक्षक धोक्याचे विश्लेषण करून पाच कामकाजाच्या दिवसांत अहवाल देतात आणि तो मिळाल्यावर समितीने पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जिवाला धोका असेल तर 'अ' वर्ग. सुरक्षितता, प्रतिष्ठा किंवा मालमत्तेला असेल तर 'ब'. नुसता त्रास किंवा दमदाटी असेल तर 'क'. त्यानुसार घराभोवती गस्त, फोन क्रमांक बदलणे, सरकारी वाहनातून कोर्टात नेणे-आणणे, आरोपी समोर येणार नाही अशी व्यवस्था, आणि गरज पडल्यास ओळख लपवणे किंवा दुसरीकडे वसवणे.

योजना वाईट नाही, उलट तिच्यामागे विचार आहे. पण ती अण्णांना समजावून सांगितली तेव्हा त्यांनी अर्ज करायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की टपरीसमोर पोलीस उभा राहिला की गिऱ्हाईक तुटते आणि अख्ख्या वस्तीला कळते की आपण साक्षीदार आहोत. शिवाय संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंतच असते; पुढे ते वाढवता येत असले तरी भाऊ तर त्याच गल्लीत राहणार होता. 'साहेब, निकाल लागला की तुम्ही पुढची केस घेताय. मला त्याच गल्लीत चहा विकायचाय.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अहवालात धमकी लिहिता येते, फोन क्रमांक लिहिता येतो, शाळेची वेळ विचारणारा चहा लिहिता येत नाही.

दुसरी बाजूही आहे, ती नाइलाजाने लिहितो. पोलिसांनी जबाबात घुसवलेले खोटे जेव्हा साक्षीदार नाकारतो, तेव्हा त्यालाही फितूरच म्हटले जाते, आणि आरोपीचा उलटतपासाचा हक्क कोणत्याही योजनेने कापता येत नाही. म्हणून मला नुसती गस्त वाढवण्याचा आग्रह फारसा पटत नाही. नव्या संहितेने दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी समोर आणलेल्या साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांनी नोंदवणे अनिवार्य केले आहे. शपथेवर, सहीनिशी दिलेला हा जबाबही स्वतः पुरावा ठरत नाही, पण तो फिरवताना माणूस दहादा विचार करतो. अर्थात, इथेही चिमटा साक्षीदारालाच: एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला खोट्या साक्षीचा खटला.

टंकता टंकता राग थोडा ओसरला आहे. 2018 च्या योजनेतल्या उपायांच्या यादीत शेवटाकडे एक उपाय दिलेला आहे, साक्षीदाराची साक्ष तहकुबीशिवाय रोजच्या रोज, लवकर नोंदवणे. त्याला ना बंदूकधारी लागतो, ना निधी, ना नवे घर. अण्णांचा सरतपास आणि उलटतपास एकाच दिवशी दुपारच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे झाला असता, तर त्यांना फोडण्यासाठी भावाजवळ फक्त जेवणाची सुट्टी उरली असती.