मित्राच्या आनंदावर सभ्यपणे विरजण कसं घालावं

तर समजा मित्राचा मेसेज आलाय, "अरे झालं!! मला टीम लीड केलं!!" आणि पुढे उद्गारचिन्हांची माळ. तुम्ही दोघं एकाच फिल्डमधले, एकाच सुमारास सुरुवात केलेली, आणि तुमचा अर्ज तिसऱ्या राउंडनंतर 'आम्ही कळवू' या खोल विहिरीत पडून आहे. आता काय करायचं? आधी एक गोष्ट, फोन उलटा ठेवा. लगेच रिप्लाय दिलात तर त्याला वाटेल तुम्हाला खरंच आनंद झाला, आणि एकदा का ती सवय लावलीत की मग प्रत्येक वेळी निभवावी लागते.

दोन-अडीच तास जाऊ द्या. मधल्या वेळात ऑनलाइन दिसत राहायला हरकत नाही, उलट दिसाच. मग 'अभिनंदन' एवढंच लिहा आणि एक टाळ्यांची इमोजी. एकच हं, तीन टाकल्या की उत्साह वाटतो. यात कोणी बोट ठेवू शकत नाही हीच तर गंमत आहे, तुम्ही अभिनंदन केलंय की नाही? केलंय. मग झालं तर.

मानसशास्त्रात शेली गेबल नावाच्या बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये याच विषयावर एक पेपर काढला, की माणसं चांगली बातमी सांगतात तेव्हा समोरचा काय करतो. चार प्रकार मांडले त्यांनी. एक, मनापासून रस घेऊन विचारणारा. दुसरा, वरवर छान म्हणून गप्प बसणारा. तिसरा, बातमीतल्या अडचणी शोधून देणारा. चौथा, बातमीकडे दुर्लक्ष करून विषयच बदलणारा. त्यांचा अभ्यास जोडप्यांवर होता आणि त्यात नातं चांगलं असण्याशी फक्त पहिलाच प्रकार जुळत होता, बाकी तिन्हींचा संबंध उलटा. म्हणजे तुमचं ते सभ्य, बिनआक्षेपार्ह 'अभिनंदन' सुद्धा टोमणे मारणाऱ्यांच्याच रांगेत उभं आहे. केवढी सोय! भांडण न करता नातं पातळ करता येतं आणि पुरावाही मागे राहत नाही.

पण समजा तो फार जवळचा असेल, मेसेजवर न थांबता फोनच करेल. तिथे तिसरा प्रकार वापरा. याचं सगळं सौंदर्य काळजीच्या सुरात आहे. तो म्हणणार, "अरे आज सकाळीच बोलावलं आत, मला वाटलं काहीतरी चुकलंय माझं," आणि तुम्ही त्याला पुढे बोलूच द्यायचं नाही. "वा! पण लीड म्हणजे लोकांची डोकी सांभाळायची रे, तुला जमेल ना?" तो जरा अडखळेल. मग लगेच, "नाही म्हणजे जमेलच, पण घरी वेळ देता येणार नाही आता, आधीच सांगून ठेव." बघा, एकही वाईट शब्द नाही आणि सकाळी आत बोलावल्यावर काय झालं ते तुम्हाला ऐकावंही लागलं नाही. मग हळूच, "नशीब लागतं बाबा." हे वाक्य फार कामाचं आहे, रात्र रात्र बसून त्याने केलेलं काम तीन शब्दांत त्याच्या हातातून काढून नशिबाच्या खात्यात जमा होतं.

एवढं करूनही तो आनंदातच असेल तर "माझंही जवळजवळ झालंच होतं" काढा. आता पंधरा मिनिटं त्याने तुमचं सांत्वन करायचं. फोन त्याने केलाय, बातमी त्याची आहे, आणि शेवटी धीर तुम्हाला देतोय, याहून चांगला शेवट कुठला.

इतकं वाचून कोणी म्हणेल की काय नीच माणूस आहे हा. तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. अब्राहम टेसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे फार आधी मांडून ठेवलंय: माणूस जितका जवळचा आणि क्षेत्र जितकं आपलं, तितकं त्याचं पुढे जाणं आपल्याला जास्त टोचतं. हाच मित्र उद्या पोहण्यात पहिला आला आणि तुम्ही पाण्याकडे बघतही नसाल, तर तुम्ही गावभर सांगत सुटाल की माझा मित्र आहे तो. 1980 मध्ये टेसर आणि स्मिथ यांनी एक प्रयोग केला, शब्द ओळखायचा खेळ, समोरच्याला क्लू द्यायचे. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं तेव्हा लोकांनी मित्राला अनोळखी माणसापेक्षा सोपे क्लू दिले. यातून तुमची महत्त्वाची कुवत कळते असं सांगितल्यावर मात्र मित्रालाच जास्त अवघड क्लू मिळाले! म्हणजे टोचणं हा काही गुन्हा नाही, ते आपोआप होतं. क्लू कोणता द्यायचा ते मात्र आपण निवडतो, पण हे बारीक अक्षरात वाचा आणि सोडून द्या.

आता धोक्याची सूचना. काही प्रश्न चुकूनही विचारायचे नाहीत, कारण त्यांनी सगळी मेहनत वाया जाते. "आत बोलावलं तेव्हा काय म्हणाले ते नीट सांग" हा त्यातला सगळ्यात घातक. एकदा विचारलात की तो खुलतो, खुर्ची कशी सरकवली, साहेब आधी उगाच दुसरंच काहीतरी बोलत बसले, मग बाहेर येऊन जिन्यात एकटाच हसत उभा होता, सगळं सांगतो, आणि ऐकता ऐकता तुम्हालाच हसू येतं. दुसरा प्रश्न, "त्यांनी नक्की कुठलं काम बघून तुला निवडलं?" यात नशीब बाजूला पडतं आणि त्याने काय केलं ते समोर येतं, वर आपल्यालाही त्यातून चार गोष्टी कळण्याची भीती. आणि लक्षात घ्या, यासाठी तुमचं पोट दुखायचं थांबलेलं असावं लागतं असंही नाही. प्रश्न विचारायला शांत मन लागत नाही, फक्त तोंड लागतं. म्हणून तर जास्त सावध राहा.

त्याहून वाईट म्हणजे खरं सांगून टाकणं. "भारी झालं रे, मनापासून. माझं सध्या अडकलंय म्हणून आज आवाजात जोर नाही, पण मला सगळं ऐकायचंय, शनिवारी निवांत बोलू." असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या मित्राला राग येत नाही, गैरसमज होत नाही, आणि शनिवारी ही माणसं खरंच फोन करतात. (फोन केला नाही तर मात्र हे वाक्य पुन्हा आपल्या कामाचं होतं, ते एक आहे.)

बाकी तुमचा उपाय लागू पडतोय की नाही हे लगेच दिसत नाही, जरा धीर धरावा लागतो. आधी त्याच्या मेसेजमधली उद्गारचिन्हं कमी होतील. मग तो बातमीची सुरुवात "तसं काही विशेष नाही रे" अशी करायला लागेल, बढती मिळाली तरी कामं वाढल्याचंच रडगाणं गाईल, कारण तुमच्यासमोर तेवढंच चालतं हे त्याला कळलेलं असेल. आणि मग एक दिवस त्याची सगळ्यात मोठी बातमी तुम्हाला कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाकडून कळेल. तेव्हा लगेच त्याला फोन लावा आणि दुखावलेल्या आवाजात विचारा, "काय रे, एवढं मोठं झालं आणि मला साधं सांगितलंही नाहीस?"