बारा टक्के आणि पंधरा तारीख

पगार झाला की ऑफिसातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं. माझं मात्र त्याच दिवशी उतरतं, कारण इतरांचा महिना संपतो आणि माझा पीएफचा पंधरवडा सुरू होतो. गेल्या महिन्याचा पीएफ या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा, हा नियम मला पाठ आहे. हजेरीपत्रक पाठवणाऱ्या विभागप्रमुखांना तो कधीच कळलेला नाही.

हिशेब तसा शाळकरी. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याचे बारा टक्के कर्मचाऱ्याचे आणि तेवढेच कंपनीचे. गंमत कंपनीच्या बारा टक्क्यांत आहे. त्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात आणि ३.६७ टक्के पीएफला, असं जो तो तोंडपाठ म्हणून दाखवतो. नवीन आलेला प्रत्येक सहाय्यक हेच दोन आकडे एक्सेलमध्ये घालतो आणि माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेनं बघतो.

आता स्टोअरमधले आमचे भाऊसाहेब घ्या. मूळ पगार आणि भत्ता मिळून वीस हजार. तीस दिवसांच्या महिन्यात तीन दिवस बिनपगारी, म्हणून पीएफचा पगार अठरा हजार. आमच्याकडे कापणी पूर्ण पगारावर होते, म्हणजे भाऊसाहेबांचे २,१६० रुपये कापले. पेन्शनचा हिशेब मात्र पंधरा हजारांवरच थांबतो, त्यामुळे तिकडे १,२५० रुपये. सहाय्यकानं तेही बरोबर केलं. मग अठरा हजारांचे ३.६७ टक्के काढून ६६१ लिहिले आणि हात झटकले. दोन्ही मिळून झाले १,९११. कंपनीनं द्यायचे २,१६०. मधले २४९ रुपये कुठे गेले, असं विचारल्यावर तो छताकडे बघू लागला, जणू तिथे अडकलेत.

३.६७ हा आकडा पगार पंधरा हजारांच्या आत असेपर्यंतच खरा. त्यावर गेला की टक्के विसरायचे आणि सरळ वजाबाकी करायची: २,१६० वजा १,२५० बरोबर ९१०. माझी तपासणीही तेवढीच असते. कंपनीचे पेन्शन आणि पीएफ मिळून कर्मचाऱ्याच्या कापणीइतके झाले नाहीत, तर ती ओळ लाल. बिनपगारी दिवसांमुळे पंधरा हजारांची मर्यादाही कापून साडेतेरा हजार करणारे महाभाग भेटतात, त्यांना मी चहाच्या वेळेत गाठतो. मर्यादा रजेवर जात नाही.

मग पीएफच्या पोर्टलवर चढवायची ती फाइल. ईसीआर नावाच्या या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक माणूस एका ओळीत मावतो:

```
100000000000#~#MEMBER NAME#~#27000#~#18000#~#15000#~#15000#~#2160#~#1250#~#910#~#3#~#0
```

यूएएन हा सभासदाचा क्रमांक, नाव, एकूण पगार, मग पीएफचा, पेन्शनचा आणि विम्याचा पगार, मग तीन रकमा, शेवटून दुसरे ते बिनपगारी दिवस. मधली ती `#~#` चिन्हं बघून आमच्या साहेबांनी एकदा विचारलं होतं, “व्हायरस आहे का हो?” शिवाय विमा आणि प्रशासकीय खर्चाचा प्रत्येकी अर्धा टक्का कंपनी आपल्या खिशातून देते. तो भाऊसाहेबांकडून कापायचा नाही, असं मी साहेबांना दर महिन्याला सांगतो आणि ते दर महिन्याला नव्यानं हळहळतात.

फाइल चढली, चलन निघालं म्हणजे पैसे भरले असं नाही. बँकेत नोंद मी करतो, मंजुरी साहेब देतात आणि साहेबांचा ओटीपी त्यांच्या मोबाइलवर येतो. १४ तारखेला तो मोबाइल हमखास विमानात असतो. उशीर झाला की वर्षाला बारा टक्क्यांनी व्याज आणि वर दंड. शिवाय कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेले पैसे आयकर कायद्यानं ठरवलेल्या मुदतीनंतर भरले, तर तो खर्च कंपनीला धरताच येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय. व्याजाला साहेब घाबरत नाहीत, पण हे वाक्य ऐकलं की विमानातूनसुद्धा ओटीपी येतो.

या वेळी चलन १३ तारखेलाच भरलं. पावती फाइलला लावून मी खुर्चीत रेलतोय तोच विभागप्रमुख आले. “अहो, भाऊसाहेबांच्या त्या तीन दिवसांचा रजेचा अर्ज सापडला. माझ्याच ड्रॉवरमध्ये होता.”

म्हणजे दोन हजार थकबाकी. भाऊसाहेबांचे २४०, कंपनीचे २४०, पेन्शनला शून्य, कारण त्यांची पंधरा हजारांची मर्यादा आधीच गाठलीय. सहाय्यकानं उत्साहानं कॅल्क्युलेटर ओढला आणि म्हणाला, “सर, याचे ३.६७ टक्के काढू ना?”